१३ आणि २३ घेऊन आरएसए: हाताने सोडवलेलं एक पूर्ण उदाहरण

नेटवर्क सिक्युरिटीच्या असाइनमेंटमध्ये पब्लिक की एन्क्रिप्शनचा प्रश्न बहुतेक वेळा एकाच साच्यातला असतो. दोन लहान मूळ संख्या घ्या, त्यांवरून पब्लिक की आणि प्रायव्हेट की काढा, एक संदेश एन्क्रिप्ट करा आणि डिक्रिप्ट केल्यावर तोच परत मिळतो हे दाखवा. सूत्रं चार ओळींत मावतात. घोडं अडतं ते आकडेमोडीत. मॉड घेतल्यावर बरोबर आकडा आणि चुकलेला आकडा दिसायला सारखेच असतात, त्यामुळे शेवटी संदेश परत आला नाही की कोणत्या पायरीवर घसरलो हे समजत नाही. म्हणून इथे एकच उदाहरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत सोडवलं आहे. प्रत्येक पायरीची तपासणी तिथल्या तिथे केली आहे आणि चुकीचं उत्तर आलं तर ते कुठून आलं असावं, हे ओळखायच्या खुणाही दिल्या आहेत.

पद्धत आरएसए. रॉन रिव्हेस्ट, आदी शमीर आणि लेनर्ड एडलमन यांनी ती १९७७ साली मांडली आणि त्यांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून तिला हे नाव मिळालं. ब्रिटनच्या जीसीएचक्यू या गुप्तवार्ता संस्थेत क्लिफर्ड कॉक्स यांनी हीच कल्पना १९७३ मध्ये शोधली होती, पण ती गोपनीय राहिली आणि १९९७ मध्ये जाहीर झाली. असाइनमेंटच्या प्रस्तावनेत इतका इतिहास पुरेसा आहे.

आकडे हातात घेण्याआधी एक गोष्ट पक्की करा: चाव्यांची जोडी संदेश घेणारा तयार करतो. पाठवणारा घेणाऱ्याच्या पब्लिक कीने एन्क्रिप्ट करतो आणि घेणारा स्वतःच्या प्रायव्हेट कीने डिक्रिप्ट करतो. या सगळ्यात पाठवणाऱ्याची प्रायव्हेट की कुठेच लागत नाही. तोंडी परीक्षेत हाच प्रश्न हमखास येतो.

खाली a^b असं लिहिलं आहे तिथे a चा b वा घात समजा. बाणानंतरची संख्या म्हणजे २९९ ने भागल्यावर उरलेली बाकी.

## मूळ संख्या आणि n

प्रश्नात संख्या दिलेल्या असतील तर त्याच घ्या. निवड तुमच्यावर सोडली असेल तर मी p = १३ आणि q = २३ सुचवेन. त्यांचा गुणाकार n = २९९ येतो. आता n हा २५५ पेक्षा मोठा असल्यामुळे एक पूर्ण बाइट, म्हणजे ० ते २५५ मधली कुठलीही किंमत, त्यात बसते. पुष्कळ जण ३ आणि ११ घेऊन n = ३३ करतात. आकडेमोड सोपी होते हे खरं, पण आस्कीमध्ये 'A' ची किंमतच ६५ आहे, त्यामुळे खरं अक्षर एन्क्रिप्ट करून दाखवायची सोयच राहत नाही.

संदेशाची संख्या m ही n पेक्षा लहानच हवी. ही अट कागदावर लिहून ठेवा, पुढे ती कामाला येणार आहे.

दोन्ही मूळ संख्या वेगळ्या असणंही आवश्यक आहे. १३ आणि १३ घेतल्या तर पुढचं φ चं सूत्र खोटं ठरतं: (p − १)(q − १) ने १४४ मिळतात, पण १६९ साठी φ ची खरी किंमत १५६ आहे.

## φ(n)

φ(n) = (p − १)(q − १) = १२ × २२ = २६४.

सूत्रात आकडे घालून पुढे जाण्याआधी ही संख्या कशाची आहे ते पाहा. १ ते २९९ पर्यंतच्या ज्या संख्यांचा २९९ शी १ सोडून कुठलाही सामाईक विभाजक नाही, त्यांची ही मोजणी आहे. एकूण संख्या २९९. त्यांत १३ च्या पटीतल्या २३ आणि २३ च्या पटीतल्या १३. दोन्हींच्या पटीत असलेली एकच, ती म्हणजे २९९, आणि ती दोनदा वजा झाली म्हणून एकदा परत मिळवायची. २९९ − २३ − १३ + १ = २६४. उत्तरपत्रिकेत ही एक ओळ लिहिली की φ तुम्हाला समजला आहे हे तपासणाऱ्याला दिसतं.

φ गुप्त ठेवायचा असतो, p आणि q इतकाच. कारण n आणि φ दोन्ही कोणाच्या हाती लागले तर p + q = n − φ + १ = ३६ हे लगेच निघतं. बेरीज ३६ आणि गुणाकार २९९ असलेल्या दोन संख्या शोधणं म्हणजे साधं वर्गसमीकरण.

## e ची निवड

एन्क्रिप्ट करताना संदेशाच्या संख्येचा जितक्यावा घात काढायचा, तो घातांक म्हणजे e. e आणि φ(n) यांचा मसावि १ असला पाहिजे. २६४ = ८ × ३ × ११, म्हणजे २, ३ किंवा ११ ने भाग जाणारी कोणतीही संख्या बाद. चालणारी सर्वांत लहान संख्या ५ आहे. पण ५ घेतला तर डिक्रिप्ट करायला लागणारा घातांक d थेट धन येतो आणि एक महत्त्वाची अडचण झाकली जाते, म्हणून मी मुद्दाम e = ७ घेतो.

मसाविची अट का पाळायची, हे ३ घेऊन पाहता येतं. याच n = २९९ मध्ये ७५, १२१ आणि २५९ यांचे घन काढून २९९ ने भागा. तिन्हींची बाकी २८५ येते. तीन वेगळ्या संदेशांचा एकच सायफरटेक्स्ट झाला, तर घेणाऱ्याने २८५ वरून यांतला कोणता संदेश परत काढायचा? त्याला सांगता येणारच नाही. e = ३ साठी d काढायला बसलात तर व्यस्तच, म्हणजे ३ शी गुणून २६४ ने भागल्यावर बाकी १ देणारी संख्याच, मिळत नाही, त्यामागचं कारण हेच.

आता पब्लिक की तयार आहे: (e, n) = (७, २९९).

## d: सगळ्यांत जास्त चुका होणारी पायरी

आता अशी d हवी की ७ × d ला २६४ ने भागल्यावर बाकी १ उरेल. लहान संख्यांमध्ये अंदाजाने शोधता येते, पण असाइनमेंटमध्ये युक्लिडची विस्तारित पद्धत दाखवलेलीच बरी. आधी नेहमीचा भागाकार, बाकी १ येईपर्यंत:

२६४ = ३७ × ७ + ५
७ = १ × ५ + २
५ = २ × २ + १

आता शेवटच्या ओळीपासून उलटं यायचं. प्रत्येक बाकीच्या जागी तिच्या वरच्या ओळीतली किंमत घालायची आणि गुणाकार मोकळे न सोडता ५, ७, २६४ यांच्या पटीतच ठेवायचे:

१ = ५ − २ × २
१ = ५ − २ × (७ − ५) = ३ × ५ − २ × ७
१ = ३ × (२६४ − ३७ × ७) − २ × ७ = ३ × २६४ − ११३ × ७

तपासा: ३ × २६४ = ७९२, ११३ × ७ = ७९१, फरक १. जमलं.

शेवटच्या ओळीत ७ चा गुणक −११३ आहे. मॉड २६४ मध्ये −११३ आणि २६४ − ११३ = १५१ या एकच. म्हणून d = १५१. लगेच ताळा करा: ७ × १५१ = १०५७ = ४ × २६४ + १. ही ओळ लिहिल्याशिवाय पुढच्या पायरीला हात लावू नका. d चुकली असेल तर पुढची सगळी मेहनत फुकट जाते, आणि ताळ्याला अर्धा मिनिटही लागत नाही.

प्रायव्हेट की: (d, n) = (१५१, २९९).

## एन्क्रिप्ट करणं

संदेश म्हणून 'K' हे अक्षर घेऊ. आस्कीत त्याची किंमत ७५. हवं ते c = ७५^७ मॉड २९९.

७५^७ आधी पूर्ण काढायचा आणि मग भागायचं, असा विचार मनात येतो. ती संख्या १३३४८३८८६७१८७५ आहे, चौदा अंकी. दहा अंक दाखवणारा कॅल्क्युलेटर शेवटचे अंक गाळतो, आणि बाकी तर त्या शेवटच्या अंकांवरच अवलंबून असते. म्हणजे उत्तर चुकणार, आणि स्क्रीनवर कुठलाही एरर येणार नाही. म्हणून प्रत्येक गुणाकारानंतर लगेच २९९ ने भागून बाकी घ्यायची, म्हणजे संख्या कधी हाताबाहेर जात नाही.

७ = ४ + २ + १, म्हणून फक्त वर्ग करत जायचं:

७५^२ = ५६२५ → ५६२५ − १८ × २९९ = २४३
७५^४ = २४३ × २४३ = ५९०४९ → ५९०४९ − १९७ × २९९ = १४६

आणि हे तीन घात एकत्र गुणायचे:

१४६ × २४३ = ३५४७८ → ३५४७८ − ११८ × २९९ = १९६
१९६ × ७५ = १४७०० → १४७०० − ४९ × २९९ = ४९

c = ४९.

कॅल्क्युलेटरवर बाकी काढताना ५६२५ ÷ २९९ = १८.८१… असं दिसतं. त्यातला पूर्णांक १८ तेवढा घ्या, २९९ ने गुणा आणि ५६२५ मधून वजा करा. दशांश भागाला २९९ ने गुणून बाकी काढायला गेलात तर दशांशाचे अंक अपुरे पडतात आणि एखाद-दुसऱ्याचा फरक पडतो.

ऋण संख्या वापरल्या तर हातच्या कामात बरेच कष्ट वाचतात. २४३ म्हणजेच २४३ − २९९ = −५६. त्याचा वर्ग ३१३६, आणि ३१३६ − १० × २९९ = १४६. उत्तर तेच, पण आकडे लहान.

## डिक्रिप्ट करणं

आता m = ४९^१५१ मॉड २९९. पूर्ण घात काढायचा म्हटलं तर ती संख्या २५६ अंकी होते, त्यामुळे वर्गांची वाट घ्यावीच लागते. १५१ चे दोनाच्या घातांत तुकडे पाडा: १५१ = १२८ + १६ + ४ + २ + १. बायनरीत १००१०१११. मग १२८ पर्यंत वर्ग करत जा:

४९^२ = २४०१ → ९
४९^४ = ८१
४९^८ = ६५६१ → २८२
४९^१६: २८२ म्हणजे −१७, वर्ग २८९
४९^३२: २८९ म्हणजे −१०, वर्ग १००
४९^६४ = १०००० → १३३
४९^१२८ = १७६८९ → ४८

गुणायला बसण्याआधी ही यादी तपासून घ्या. यादीतल्या एका ओळीत चूक झाली तर खालच्या सगळ्या ओळी चुकतात, आणि ती चूक पकडायला p चा उपयोग होतो. २९९ हा १३ च्या पटीत आहे, त्यामुळे २९९ ची कितीही पट वजा केली तरी १३ ने भागल्यावर उरणारी बाकी बदलत नाही. म्हणजे प्रत्येक ओळीचं उत्तर १३ ने भागून मिळणारी बाकी ही वरच्या ओळीच्या बाकीच्या वर्गाशी जुळली पाहिजे. इथे पहिली बाकी ९. ९ चा वर्ग ८१, त्याची बाकी ३. ३ चा वर्ग पुन्हा ९. म्हणजे यादीतल्या बाक्या ९, ३, ९, ३ अशा आलटून पालटून यायला हव्यात. पाहा, इथे बाणानंतर १३ ने भागल्यावरची बाकी आहे: ९ → ९, ८१ → ३, २८२ → ९, २८९ → ३, १०० → ९, १३३ → ३, ४८ → ९. यादी बरोबर. नेमकी १३ च्या पटीतली चूक या चाळणीतून सुटू शकते. शंका असेल तर २३ घेऊनही हेच करा.

आता हवे असलेले घात गुणायचे. ८, ३२ आणि ६४ यांच्या ओळी यात येत नाहीत, कारण बायनरीत त्यांच्या जागी ० आहे.

४८ × २८९ = १३८७२ → ११८
११८ × ८१ = ९५५८ → २८९
२८९ × ९ = २६०१ → २०९
२०९ × ४९ = १०२४१ → ७५

७५, म्हणजे 'K'. सात वर्ग आणि चार गुणाकारांत काम झालं. ४९ ला एकेकदा गुणत बसलो असतो तर १५० गुणाकार करावे लागले असते.

## संदेश परत का येतो

पूर्ण सिद्धता मागितलेली नसली तरी दोन-तीन ओळी लिहाव्यात असं मला वाटतं, कारण पुढची एक गोष्ट त्यावरच उभी आहे. एन्क्रिप्ट आणि डिक्रिप्ट मिळून आपण m चा १०५७ वा घात काढला, आणि १०५७ = १ + ४ × २६४. फर्माचा छोटा सिद्धान्त सांगतो की m ला १३ ने भाग जात नसेल तर m^१२ ची मॉड १३ बाकी १ येते. १०५६ ला १२ ने भाग जातो, म्हणून m^१०५६ चीही बाकी १ आणि m^१०५७ ची बाकी m इतकीच. m ला १३ ने भाग जात असेल तर दोन्ही बाजूंना ०, म्हणजे तिथेही अडचण नाही. २३ साठी १२ च्या जागी २२ घ्या, बाकी सगळं तसंच. m^१०५७ आणि m यांच्यातल्या फरकाला १३ नेही भाग जातो आणि २३ नेही, म्हणून २९९ नेही जातो.

## मित्राची d वेगळी आली तर

वरच्या कारणात २६४ खरंतर लागलेच नाहीत. एवढंच लागलं की e × d − १ ला १२ ने आणि २२ ने भाग जावा. त्यासाठी १२ आणि २२ यांचा लसावि, म्हणजे १३२ पुरतो. मॉड १३२ मध्ये ७ चा व्यस्त १९ येतो: ७ × १९ = १३३. आणि १५१ − १३२ सुद्धा १९ च.

d = १९ ने डिक्रिप्ट करून पाहा. १९ = १६ + २ + १, म्हणून २८९ × ९ → २०९ आणि २०९ × ४९ → ७५. तोच संदेश, फारच कमी कष्टात. तेव्हा १५१ आणि १९ ही दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. आरएसएचं मानक असलेल्या आरएफसी ८०१७ मध्ये लसाविचीच अट आहे, त्यामुळे एखाद्या लायब्ररीने दिलेली d हातच्या उत्तराशी जुळली नाही तरी बिचकू नका. असाइनमेंटमध्ये φ वापरायला सांगितलं असेल तर १५१ लिहा आणि १९ चा उल्लेख एका ओळीत करा.

## चुकीच्या उत्तरावरून चूक शोधणं

डिक्रिप्ट केल्यावर ७५ ऐवजी दुसरंच काही आलं, तर तो आकडा खोडू नका. बहुतेक वेळा तो चुकीचं ठिकाण दाखवतो.

समजा उत्तर ४ आलं. आता ४ × ७५ = ३००, म्हणजे मॉड २९९ मध्ये १. मिळालेलं उत्तर मूळ संदेशाचा व्यस्त निघालं, तर d चं ऋण चिन्ह गळालं असं समजा. कोणीतरी −११३ ऐवजी ११३ वापरला. ७ × ११३ = ७९१, आणि २६४ ने भागल्यावर बाकी २६३, म्हणजे −१. घातांकात −१ आला की संदेश उलटा होऊन, म्हणजे व्यस्त होऊन बाहेर येतो. २६४ मधून ११३ वजा करा आणि पुन्हा डिक्रिप्ट करा.

समजा उत्तर २४६ आलं. ७५ शी त्याचा काही धागा दिसत नाही. अशा वेळी d तपासा. ती १७१ असेल तर व्यस्त २६४ ऐवजी २९९ ने काढला आहे, कारण ७ × १७१ = ११९७ = ४ × २९९ + १. ही चूक फसवी आहे, कारण ताळाही जुळल्यासारखा वाटतो. फक्त तो चुकीच्या संख्येने केलेला असतो. घातांकाच्या जगात भाजक φ, संदेशाच्या जगात भाजक n. कागदाच्या दोन कडांना या दोन संख्या मोठ्या अक्षरांत लिहून ठेवल्या तर गल्लत होत नाही.

तिसरी चूक वेगळ्या जातीची आहे, कारण तिच्यात आकडेमोड कुठेच चुकत नाही. समजा तुम्ही 'K' ऐवजी 'क' घेतला. युनिकोडमध्ये 'क' चा क्रमांक २३२५. एन्क्रिप्ट, डिक्रिप्ट सगळं नीट केलं तरी शेवटी २३२ मिळतात, कारण २३२५ ला २९९ ने भागल्यावर बाकी २३२ उरते. m ही n पेक्षा लहान हवी, ही सुरुवातीची अट मोडली. उपाय असा की 'क' यूटीएफ-८ मध्ये लिहायचा. त्याचे २२४, १६४ आणि १४९ असे तीन बाइट होतात, तिन्ही २९९ पेक्षा लहान. तिघांना वेगवेगळं एन्क्रिप्ट करा.

## कॉम्प्युटरवर पडताळणी

हातचं काम संपल्यावर पायथनमध्ये एवढं चालवा. व्यस्त काढायची `pow` ची सोय पायथन 3.8 पासून आहे.

```python
p, q, e = 13, 23, 7
n, phi = p*q, (p-1)*(q-1)
d = pow(e, -1, phi)
c = pow(75, e, n)
print(d, c, pow(c, d, n))
print(all(pow(pow(m, e, n), d, n) == m for m in range(n)))
```

पहिल्या ओळीत `151 49 75` आणि दुसऱ्या ओळीत `True` आलं पाहिजे. दुसरी ओळ ० ते २९८ मधला प्रत्येक संदेश एन्क्रिप्ट करून परत आणते, त्यामुळे ती हातच्या एका उदाहरणापेक्षा भक्कम पुरावा आहे. e = ३ टाकून पाहिलंत तर व्यस्त काढतानाच `ValueError` येतो. एक सापळा टाळा: पायथनमध्ये `^` म्हणजे घात नाही, ते बिट्सचं एक्सॉर आहे. `75 ^ 7` चं उत्तर ७६ येतं, आणि तेही निमूटपणे.

## मर्यादांच्या परिच्छेदात काय लिहायचं

शेवटी बहुधा 'ही की सुरक्षित आहे का' असा प्रश्न असतो. 'लहान संख्या असल्याने नाही' एवढं लिहून थांबू नका, तुमच्याच आकड्यांवर दाखवा.

२९९ चे अवयव काढायला त्याच्या वर्गमुळापर्यंत, म्हणजे १७ पर्यंत पाहिलं की झालं. २, ३, ५, ७, ११ ने भाग जात नाही, १३ ने जातो. सहाव्या भागाकाराला की फुटली. प्रत्यक्षात n सहसा निदान २०४८ बिटचा, म्हणजे दशमान पद्धतीत ६१७ अंकी असतो आणि e बहुतेक ठिकाणी ६५५३७ असते. तुलनेसाठी: आरएसए-२५० या २५० अंकी संख्येचे अवयव २०२० च्या फेब्रुवारीत काढले गेले, तेही पुष्कळ कॉम्प्युटरांना एकत्र कामाला लावून.

पण अवयव न काढताही ही की निरुपयोगी करता येते, आणि हा मुद्दा बहुतेक उत्तरांत नसतो. पब्लिक की सगळ्यांकडे आहे. कोणीही ० ते २९८ प्रत्येक संख्या स्वतः एन्क्रिप्ट करून कोष्टक बनवू शकतो आणि ४९ समोर ७५ लिहिलेलं वाचू शकतो. त्याला d लागतच नाही. संदेश फार लहान असेल तर कोष्टकही नको: m = २ घेतला तर २^७ = १२८ हे २९९ पेक्षा लहानच आहे, मॉडचा काही परिणाम झालाच नाही, नुसतं सातवं मूळ काढलं की संदेश उघडा. आणि काही संदेश तर बदलतच नाहीत. या कीसाठी असे २१ आहेत. ०, १ आणि n − १, म्हणजे इथे २९८, हे तर कोणत्याही आरएसए कीमध्ये तसेच राहतात, पण इथे त्यांच्याबरोबर ६८ आणि ६९ सुद्धा आहेत, म्हणजे 'D' आणि 'E'. एन्क्रिप्ट केल्यावर m आणि c सारखेच आले तर आकडेमोड चुकली असं लगेच धरू नका. आधी हे तपासा आणि उदाहरणासाठी दुसरं अक्षर घ्या.

n मोठा केला की न बदलणाऱ्या संदेशांचं प्रमाण नगण्य होतं, पण कोष्टकाची अडचण तेवढ्याने मिटत नाही. संदेश 'होय' किंवा 'नाही' इतकाच असेल, तर २०४८ बिटच्या कीनेही दोन्ही एन्क्रिप्ट करून कोणता जुळतो ते पाहता येतं, कारण त्याच संदेशाचा सायफरटेक्स्ट दर वेळी तोच येतो. म्हणून प्रत्यक्षात संदेशात आधी यादृच्छिक बाइट मिसळतात आणि मग घात काढतात. या भरणीला पॅडिंग म्हणतात आणि एन्क्रिप्शनसाठी शिफारस केलेल्या पॅडिंगचं नाव ओएईपी. तुमच्या उत्तरात 'K' दोनदा एन्क्रिप्ट करा, दोन्ही वेळा ४९ येतो हे दाखवा, आणि पॅडिंगचा उल्लेख त्याच्या लगेच खाली करा.